मेलमधली नको तिथली अवतरणचिन्हे: काढायची कोणती, ठेवायची कोणती

आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीची सफाई होणार होती. सचिवकाकांनी सगळ्या सभासदांना मेल पाठवली आणि अर्ध्या तासात तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचे उत्तर आले. “काम ‘अनुभवी’ कंत्राटदाराला दिले म्हणजे नक्की कोणाला? अनुभव नसेल तर तसे स्पष्ट कळवावे.” काका हबकले. कंत्राटदार चांगला होता, पंधरा वर्षे हेच काम करत होता. काकांना त्याचे कौतुकच करायचे होते, म्हणून तर त्यांनी त्या शब्दाला दोन्ही बाजूंनी चिन्हे लावली होती.

मी पूर्वी छापखान्यात मुद्रितशोधन करायचे, त्यामुळे तेव्हापासून सोसायटीची मेल बाहेर जाण्याआधी माझ्याकडे येते. गेली दोन वर्षे दर महिन्याला मी तीच चिन्हे काढते आणि पुढच्या महिन्यात ती परत उगवतात. फक्त काढत राहून हा त्रास संपत नाही. चिन्हे येतात कुठून हे कळले तरच ती थांबतात.

ती येतात कुठून

पहिले मूळ शाळेत आहे. व्याकरणाच्या पुस्तकात विरामचिन्हांचा तक्ता असतो. त्यात दुहेरी अवतरणचिन्ह बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द दाखवण्यासाठी, आणि एकेरी एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असेल तर किंवा दुसऱ्याचे मत सांगताना, असे दिलेले असते. म्हणजे काका चुकलेले नाहीत, त्यांनी घोकलेला नियमच पाळला. पंचाईत अशी की आज रोज वर्तमानपत्र वाचणारा माणूस एकेरी चिन्हातला साधा शब्द जोराचा म्हणून वाचत नाही. बातम्यांमध्ये त्याने ‘विकास’, ‘स्वच्छ’, ‘मोफत’ असे शब्द चिमट्यात धरलेले इतक्या वेळा पाहिले आहेत की चिन्ह दिसले की त्याच्या मनात शंकाच उठते. लिहिणारा जुन्या तक्त्याने लिहितो, वाचणारा आजच्या सवयीने वाचतो, आणि मधल्या मध्ये कंत्राटदाराची अब्रू जाते.

दुसरे मूळ आपल्या लिपीत आहे. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, त्यामुळे नाव कोणते आणि साधा शब्द कोणता हे नुसत्या अक्षरांवरून कळत नाही. तिरपा टाइप देवनागरीला शोभत नाही, बऱ्याच फॉन्टमध्ये तो नुसता कलल्यासारखा दिसतो. मग शब्द वेगळा काढून दाखवायला हाताशी उरतात ती अवतरणचिन्हेच. तसे पाहिले तर ही चिन्हे आपल्या घरची नव्हेतच. मोडीत शब्दसुद्धा तोडून लिहीत नसत, मग चिन्हांचे नाव कशाला? विरामचिन्हे मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी छपाईच्या वळणाने, आणि त्याचे श्रेय मेजर कँडी यांना देतात. पाहुणी आली आणि तीनचार कामे तिच्या एकटीच्या गळ्यात पडली.

तिसरे कारण अगदी क्षुल्लक आहे, पण दर महिन्याला परत परत येण्यामागे खरे तेच आहे. काका नवी मेल कोरी लिहीत नाहीत. मागच्या महिन्याची उघडतात, तारीख बदलतात, दोन ओळी घालतात. जुनी चिन्हे तशीच पुढे येतात आणि त्यांच्या संगतीने नव्या शब्दांनाही लागतात.

‘म्हणे’ची चाचणी

चिन्ह काढायचे की ठेवायचे हे ठरवायला माझी एक साधी चाचणी आहे. चिन्हे काढून त्या शब्दाच्या पुढे ‘म्हणे’ घालायचे आणि वाक्य मोठ्याने वाचायचे. मराठीत ‘म्हणे’ हा शब्द एकाच वेळी दोन गोष्टी करतो. हे कोणीतरी सांगितले आहे हे तो दाखवतो, आणि मी त्याची खात्री देत नाही असेही सुचवतो. साध्या शब्दाभोवतीचे अवतरणचिन्ह वाचकाच्या कानात हेच काम करते.

आजोबांनी वाचलेले वाक्य या चाचणीला लावून पाहा. “हे काम अनुभवी म्हणे कंत्राटदाराला दिले आहे.” आता आजोबांना दोष देता येईल का? “सभासदांनी कृपया म्हणे सहकार्य करावे” हे तर सरळ टोमणा मारल्यासारखे वाटते. ‘म्हणे’ घातल्यावर जो अर्थ येतो तो तुम्हाला नको असेल, तर चिन्हे काढायची. यात दुसरा विचार करायची गरज नाही.

‘म्हणे’ घालून वाक्य ठीक वाटले, म्हणजे शब्द खरोखर दुसऱ्याचा आहे आणि ते तुम्हाला दाखवायचेही आहे, तर चिन्हे ठेवता येतात. आणि ‘म्हणे’ तिथे बसतच नाही, वाक्यच मोडते, असे झाले तर बहुधा तो शब्द म्हणजे एखादे नाव असते किंवा पडद्यावर दिसणारे काहीतरी. त्याचा विचार वेगळा करायचा.

टाकीच्या मेलची चिरफाड

ती मेल मी जपून ठेवली आहे. मजकूर साधारण असा होता:

> सर्व सभासदांस, आपल्या इमारतीच्या ‘टाकी’ची सफाई येत्या रविवारी होणार आहे. हे काम ‘रीतसर’ कोटेशन मागवून ‘अनुभवी’ कंत्राटदारास दिले आहे. सकाळी ८ ते दुपारी ३ पाणी ‘बंद’ राहील. सभासदांनी ‘कृपया’ सहकार्य करावे. गेल्या सभेत काही सभासदांनी ‘टँकर नको’ असे म्हटले होते, त्यामुळे टँकर मागवलेला नाही. ज्यांची थकबाकी आहे त्यांना ‘शेवटची’ विनंती की ‘दाखला’साठी अर्ज करण्यापूर्वी रक्कम भरावी. ‘ऑनलाइन’ भरताना ‘Remarks’ मध्ये ‘A-304’ याप्रमाणे आपला फ्लॅट क्रमांक लिहावा. पावती ‘आशीर्वाद’मध्ये ठेवलेली असेल.

बारा जोड्या आहेत. मी नऊ काढल्या, तीन ठेवल्या.

‘रीतसर’ आणि ‘अनुभवी’ यांच्यावर चाचणी लगेच चालते. पण नुसती चिन्हे काढून काका समाधानी होईनात, त्यांना जोर हवाच होता. ही अडचण खरी आहे. जोर हवा असेल तर तो चिन्हाने न देता माहितीने द्यावा. ‘रीतसर’च्या जागी “तीन कोटेशन मागवून” असे लिहिले, कारण खरोखर तीन मागवली होती. ‘अनुभवी’च्या जागी “पंधरा वर्षे टाक्यांची सफाई करणाऱ्या” आले. मला वाटते, बहुतेक वेळा चिन्ह लागते तिथे लिहिणाऱ्याकडे सांगण्यासारखे काहीतरी असते आणि ते सांगायचा कंटाळा केलेला असतो. चिन्ह काढल्यावर ते आठवते.

‘बंद’ हा शब्द चिन्हांत घातल्याने एका वहिनींनी खरोखर विचारले होते, “म्हणजे कमी दाबाने येईल का?” त्यांनी ‘बंद’ म्हणजे म्हणायला बंद असे धरले. तिथे मराठीचे स्वतःचे साधन वापरले: “पाणी पूर्ण बंद राहील, थेंबभरही येणार नाही.” आपल्याकडे ‘च’ आहे, ‘मात्र’ आहे, ‘फक्त’ आहे, शब्दांची जागा बदलायची सोय आहे. “रविवारीच सफाई होईल” यात जो जोर आहे तो ‘रविवारी’ला चिमट्यात धरून येत नाही. उलट तिथे शनिवारची शंका येते.

‘कृपया’ची चिन्हे काढली आणि काही घातले नाही. विनंती ही विनंतीच राहते.

‘शेवटची’ जरा अवघड होती. काकांना खरोखर शेवटची विनंती करायची होती, पण ज्यांना ती करायची त्यांनी चिन्हे पाहून “असल्या शेवटच्या विनंत्या दर तिमाहीला येतात” असेच म्हटले असते. चिन्हांनी धमकी बोथट झाली होती. ती काढली आणि पुढे वाक्य जोडले: “यानंतर स्मरणपत्र पाठवले जाणार नाही, थकबाकीची यादी पुढच्या सभेसमोर ठेवली जाईल.” आता शब्दाला आपोआप वजन आले.

‘ऑनलाइन’ला चिन्हे का होती? काका म्हणाले, इंग्रजी शब्द आहे म्हणून. ही जुनी छपाईतली सवय. एके काळी परका शब्द आला की त्याला चिन्हांत बसवत. आता ऑनलाइन, लिंक, मीटिंग, मेंटेनन्स हे शब्द आपण जेवताना बोलतो, त्यांची माफी मागत लिहायचे कारण नाही. आणि कोणाला शब्द अगदीच परका वाटत असेल तर चिन्हांनी तो समजत नाही, त्याचा अर्थ सांगावा लागतो.

काढल्यावर शब्द दुरुस्त करायला विसरू नका

आता ‘टाकी’ आणि ‘दाखला’. इथे मराठीची खास मेख आहे. चिन्हांत असलेला शब्द आपण मूळ रूपात ठेवतो आणि प्रत्यय बाहेर लावतो: ‘दाखला’साठी. चिन्हे नुसती पुसली तर उरते “दाखलासाठी”, आणि असा शब्द मराठीत नाही. सामान्यरूप परत आणावे लागते: दाखल्यासाठी. ‘टाकी’ची काढले की “टाकीची” बरोबर राहते, कारण टाकीचे सामान्यरूप तसेच आहे. त्यामुळे काढणाऱ्याला वाटते सगळीकडे असेच चालेल. मग ‘रस्ता’वर, ‘निर्णय’ने, ‘खर्च’साठी अशा मेल आल्या की “रस्तावर, निर्णयने, खर्चसाठी” असे काहीतरी तयार होते आणि वाचणाऱ्याला ही मेल कोणी यंत्राने लिहिली की काय असे वाटते. रस्त्यावर, निर्णयाने, खर्चासाठी असे प्रत्येक वेळी हाताने करावे लागते. म्हणूनच Word मध्ये Ctrl+H लावून सगळी चिन्हे एका दमात उडवू नका. एकेक जागी थांबून शब्द वाचा.

उलट बाजूचा एक घोटाळाही दिसतो. कोणी ‘घर’ लिहून बाहेर ‘ात’ जोडायला जातो, तर काना अक्षराला न चिकटता ठिपक्यांच्या गोळ्यावर लटकतो. काना एकटा उभा राहू शकत नाही, त्याला आधीचे व्यंजन लागते आणि मध्ये चिन्ह आले आहे. मेलमध्ये असा ठिपक्यांचा गोळा दिसला की फॉन्टला दोष देऊ नका, चिन्ह मात्रेच्या आडवे आले आहे असे समजा. एक तर चिन्हे काढायची, नाही तर ‘घरा’त असे लिहायचे.

या तीन का राहिल्या

‘आशीर्वाद’ हे आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाचे नाव. तिथे पावत्या ठेवायची सोय आहे. चिन्हे काढली तर “पावती आशीर्वादमध्ये ठेवलेली असेल” हे वाचून नव्या भाडेकरूंना काय वाटेल? देवनागरीत मोठे अक्षर नसल्याने साध्या शब्दाचे नाव झाले की चिन्हांची गरज खरी असते. “सकाळमध्ये वाचले” आणि “‘सकाळ’मध्ये वाचले” यातला फरक हाच. ‘म्हणे’ इथे बसत नाही हेही पाहा: “आशीर्वाद म्हणेमध्ये” असे कोणी म्हणणार नाही. मात्र नावच असे असेल की त्याचा दुसरा अर्थ होत नाही, किंवा पुढे ‘किराणा स्टोअर्स’, ‘बँक’, ‘अपार्टमेंट’ असे काही लागले असेल, तर चिन्हे अनावश्यक. खरे तर “आशीर्वाद किराणा दुकानात” असे लिहिले असते तर हीही जोडी लागली नसती. काकांना आळस आला आणि मीही हट्ट धरला नाही.

‘टँकर नको’ हे सभासदांचे शब्द. त्या सभेत दोघांनी अगदी असेच म्हटले होते, इतिवृत्तात तसे लिहिले आहे. म्हणून चिन्हे ठेवली. पण सावध राहा. सभासदांनी लांबलचक काही सांगितले असेल आणि आपण त्याचा सारांश काढला असेल, तर सारांशाला चिन्हे लावू नयेत. कोणीतरी उभे राहून म्हणते, “मी असे बोललोच नाही,” आणि मग पुढची सभा त्यावरच जाते. सारांश असेल तर “टँकरला विरोध केला होता” असे साधे लिहायचे.

‘Remarks’ हा बँकेच्या अॅपमध्ये पडद्यावर दिसणारा रकाना आहे. तो शब्द जसाच्या तसा शोधायचा आहे, म्हणून चिन्हे ठेवली.

आणि A-304 ची गोष्ट

‘A-304’ ची चिन्हे मात्र काढली, आणि हीच सगळ्यात तातडीची होती. खजिनदारताईंनी आदल्या महिन्यात बँकेचे विवरण तपासताना पाहिले की काही सभासदांनी रकान्यात चिन्हांसकट लिहिले आहे. एका सभासदाने तर अॅप चिन्ह घेत नाही म्हणून रकाना रिकामाच सोडला. त्यांचा दोष नव्हता, मेलमध्ये जसे दिसले तसे त्यांनी टंकले. जी गोष्ट वाचणाऱ्याने उचलून दुसरीकडे लिहायची आहे, तिला कधीही चिन्हांत ठेवू नये. पासवर्ड, खाते क्रमांक, वायफायचे नाव, मेलचा पत्ता, सगळ्यांना हेच लागू आहे. पासवर्डच्या बाबतीत वाक्य संपवणारा पूर्णविरामही घात करतो: पासवर्डच्या लगेच पुढे टिंब आले की तेही लोक टंकतात. अशी गोष्ट स्वतंत्र ओळीवर ठेवावी, मागेपुढे काहीही न लावता:

```
A-304
```

उलट गूगलच्या किंवा मेलच्या शोधपट्टीत दुहेरी चिन्हांना खरे काम आहे. तिथे "टाकी सफाई" असे चिन्हांत लिहिले की ते शब्द त्याच क्रमाने असलेला मजकूर शोधला जातो. शोधासाठी सांगितलेली चिन्हे कोणाला काढायला लावू नका.

पुन्हा उगवू नयेत म्हणून

काकांच्या लॅपटॉपवर मी एक कोरा नमुना करून दिला: तारीख, विषय, मजकूर, सही. त्यात एकही अवतरणचिन्ह नाही. मागची मेल उघडून बदलायची नाही, नमुना उघडायचा. एवढ्याने निम्मा त्रास गेला.

जोर हवाच असेल तर मेलमध्ये Ctrl+B आहे. वेळ किंवा तारीख ठळक केली की पुरते, पण एका मेलमध्ये एकच गोष्ट ठळक. सात ठळक केल्या तर एकही ठळक राहत नाही. ठळक केलेले अचानक साधे दिसू लागले तर जीमेलमध्ये लिहिण्याच्या चौकटीतले तीन ठिपके उघडून Plain text mode चालू आहे का ते पाहा. तो चालू असला की ठळक अक्षरे उडतात आणि मग माणूस परत चिन्हांकडे वळतो. व्हॉट्सअॅपवर *असे* तारे घातले की शब्द ठळक होतो, पण तिथला मजकूर उचलून मेलमध्ये चिकटवला तर तारे नुसते तारेच राहतात.

विषयाच्या ओळीत ठळक करता येत नाही, म्हणून तिथे चिन्हांचा मोह जास्त. “‘महत्त्वाचे’ – टाकी सफाईबाबत” असे काका लिहायचे. ‘म्हणे’ घालून वाचले की हसू येते. आता विषयात “रविवारी ८ ते ३ पाणी बंद” एवढेच जाते, आणि आजोबांना ते चष्मा न लावताही मोबाइलवर दिसते.

पाठवण्याआधीची तपासणी अशी: मेलमधली चिन्हे मोजायची. आकडा विषम आला तर एखादे एकटे राहिले आहे, बहुधा जोडीतले अर्धेच पुसले गेले आहे. सम आला तर प्रत्येक जोडीला ‘म्हणे’ लावून बघायचे. दहा ओळींच्या मेलला दोन मिनिटे लागतात.

एक गोष्ट मात्र करू नका. उत्तर देताना खाली जी समोरच्याची मेल आपोआप येते, तिच्यातली चिन्हे काढू नका, ती कितीही खटकली तरी. तो त्यांचा मजकूर आहे. काकांनी एकदा चांगल्या हेतूने आजोबांच्या मेलमधली ‘अनुभवी’ची चिन्हे साफ करून उत्तर पाठवले. आजोबांनी दोन्ही मेल शेजारी ठेवून विचारले की माझे शब्द बदलण्याचा अधिकार सचिवांना कोणी दिला. त्याला मात्र काकांकडे उत्तर नव्हते.